पहाटे सहाला शिल्लक राहणारं कॅफिन

एनर्जी ड्रिंकची बाटली हातात आली की पुढची चकचकीत बाजू सोडून मागची वाचावी. तिथे अगदी बारीक टायपात, बहुतेक वेळा इंग्रजीत, तीन गोष्टी छापलेल्या असतात. पहिली म्हणजे या पेयात कॅफिनचं प्रमाण जास्त आहे. दुसरी, लहान मुलं, गरोदर व स्तनदा माता आणि कॅफिन न सोसणाऱ्या व्यक्ती यांनी ते घेऊ नये. तिसरी, दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिऊ नये. हे कंपनीने आपल्या मनाने छापलेलं नसतं. कॅफिनयुक्त पेयांसाठी एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, २०१६ साली जे मानक ठरवलं त्यानुसार ते छापणं बंधनकारक आहे. त्याच मानकाप्रमाणे अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असावं लागतं.

म्हणजे जी बाटली क्लास सुटल्यावर पंधरा-सोळा वर्षांची मुलं टपरीवर उभ्याउभ्या संपवतात, ती त्यांच्यासाठी नाही, असं त्या बाटलीवरच लिहिलेलं आहे. तरी ती वीस-पंचवीस रुपयांत मिळते, वेफर्सच्या पाकिटाशेजारी ठेवलेली असते आणि दुकानदार वय विचारत नाही. ही बाटली पोटात गेल्यावर पुढच्या दहा-बारा तासांत शरीरात काय घडतं, ते या प्रकरणात तासातासाने पाहू.

त्यासाठी एक मुलगा घेऊ. तो कल्पनेतला आहे, पण त्याच्यासारखी मुलं लातूरला, नांदेडला, पुण्यात सदाशिव पेठेत हजारोंनी राहतात. अकरावीत आहे, नीटची तयारी करतोय, वजन ४५ किलो. रात्री आठला जेवण उरकून पहिली बाटली पितो. अकराला डोळे मिटायला लागले की दुसरी. दोन्ही २५० मिलिलिटरच्या. कॅफिनचं प्रमाण कायद्याने परवानगी दिलेलं कमाल धरलं, तर प्रत्येकीत ७५ मिलिग्रॅम होतं. दोन बाटल्या मिळून १५०.

हा आकडा मोठा की लहान? युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१५ साली मुलं आणि किशोरवयीनांसाठी दिवसभरातली मर्यादा सांगितली ती किलोमागे ३ मिलिग्रॅम. आपल्या मुलाच्या वजनाला ती १३५ मिलिग्रॅम येते. म्हणजे बाटलीवर छापलेली ५०० मिलिलिटरची मर्यादा तंतोतंत पाळूनही तो त्याच्या वयाच्या मर्यादेबाहेर गेला. छापलेली मर्यादा मोठ्या माणसाची आहे आणि ती वजन विचारात घेत नाही. शिवाय दिवसभरातला चहा आपण अजून धरलेलाच नाही. आयसीएमआरच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. सकाळचा एक आणि दुपारचा एक धरला, तर रात्री आठच्या आधीच त्याची निम्मी मर्यादा संपलेली असू शकते.

आता बाटलीत आणखी काय आहे ते बघू. साखर असते. या पेयाच्या मूळ, जुन्या प्रकारात २५० मिलिलिटरला सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे पाच चमच्यांहून थोडी जास्त. स्वस्त बाटल्यांत साखर कमी करून तिच्या जागी कृत्रिम गोडी घातलेली असते. आणि टॉरिन असतं, मूळ प्रकारात साधारण १००० मिलिग्रॅम. या टॉरिनविषयी बऱ्याच अफवा आहेत, कारण १८२७ साली जर्मन शास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा बैलाच्या पित्तातून वेगळं केलं होतं. आजचं टॉरिन कारखान्यात रासायनिक पद्धतीने तयार होतं, त्यात बैलाचा काही संबंध नाही. आपलं शरीरही ते बनवतं आणि हृदयाच्या स्नायूत ते भरपूर असतं. तिथे ते पेशींतल्या कॅल्शियमच्या ये-जा करण्यात भाग घेतं. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

टॉरिनची पेयं मुलांसाठी नव्हतीच. जपानमध्ये १९६२ साली औषधाच्या छोट्या बाटलीतून ते थकलेल्या नोकरदारांसाठी विकायला सुरुवात झाली. थायलंडमध्ये सत्तरच्या दशकात त्याच धर्तीचं पेय ट्रकचालक आणि मजूर रात्रपाळीसाठी पीत. तिथून ते ऑस्ट्रियात गेलं, १९८७ साली त्यात गॅस मिसळला, डबा उंच आणि सडपातळ झाला आणि जाहिरातीत मोटारशर्यती आणि उंच कड्यांवरून उड्या मारणारी माणसं आली. गिऱ्हाईक बदललं ते तिथे. कष्टकऱ्याच्या रात्रपाळीचं पेय विद्यार्थ्याच्या रात्रपाळीचं झालं.

रात्रीचे साडेआठ ते नऊ. कॅफिन पोटातून रक्तात फार लवकर उतरतं. अर्ध्या ते एक तासात रक्तातली त्याची पातळी सर्वांत वर असते. कडक कॉफी गरम असते, कडू असते, म्हणून माणूस ती हळूहळू घेतो. हे पेय थंड आणि गोड. चार घोटांत संपतं. कॅफिनचा कडूपणा हाच शरीराने ठेवलेला इशारा, तो साखरेने झाकला जातो. कॉफी आणि या पेयातलं कॅफिन एकच, हे कंपन्यांचं म्हणणं रसायनशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. पण किती वेळात किती पोटात गेलं, हा प्रश्न त्यात सुटून जातो.

मेंदूत काय होतं? आपण जागे असताना मेंदूच्या पेशी काम करतात आणि त्यातून ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जितका वेळ जागरण, तितकं ॲडेनोसिन जास्त. ते पेशींवरच्या ठराविक जागी जाऊन बसलं की आपल्याला झोप येते. कॅफिनची घडण ॲडेनोसिनशी इतकी मिळतीजुळती आहे की ते त्याच जागी जाऊन बसतं. चुकीची किल्ली कुलपात अडकावी तसं. कुलूप तर उघडत नाही आणि खरी किल्लीही आत जाऊ शकत नाही. म्हणून मुलाला तरतरी आली असं वाटतं. वास्तविक शक्ती कुठूनच आलेली नाही. थकवा होता तेवढाच आहे, ॲडेनोसिन साठतच आहे, फक्त त्याचा निरोप पोहोचत नाही. या पेयाच्या नावात ऊर्जा आहे, पण त्यातली खरी ऊर्जा म्हणजे साखरेतून मिळणाऱ्या शंभरएक कॅलरी.

हेच ॲडेनोसिन हृदयाचा वेगही आवरून धरत असतं. तिथेही कॅफिन त्याला बसू देत नाही. भरीला ताणाच्या वेळी बाहेर पडणारी ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्यं रक्तात वाढतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१५ साली २५ निरोगी तरुणांवर एक छोटा प्रयोग केला. ४८० मिलिलिटरचा एक डबा, त्यात २४० मिलिग्रॅम कॅफिन. पिण्याआधी आणि पिऊन झाल्यावर अर्ध्या तासाने रक्त तपासलं, तर नॉरॲड्रेनॅलिन सरासरी ७४ टक्क्यांनी वाढलेलं होतं. चवीला तसंच, पण हे घटक नसलेलं पेय दिलं तेव्हा ही वाढ ३१ टक्के होती. रक्तदाबही चढला. तरुण मंडळी खुर्चीवर स्वस्थ बसलेली होती, तरी शरीर मात्र धावायच्या तयारीत गेलं होतं.

मुलांवर असे प्रयोग फारसे होत नाहीत. ज्यातून फायदा काही नाही असं पेय मुलांना मुद्दाम पाजायचं तर नैतिक समितीची परवानगी सहज मिळत नाही. म्हणून जर्मनीत म्युनिकच्या बालहृदयरोगतज्ज्ञांनी केलेला, २०२२ पासून प्रसिद्ध होत गेलेला अभ्यास मोलाचा आहे. १० ते १८ वयाची निरोगी मुलं घेतली. प्रत्येकाला एका दिवशी वजनाच्या हिशेबाने, किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅफिन पडेल इतकं एनर्जी ड्रिंक दिलं आणि दुसऱ्या दिवशी तसंच भासणारं साधं पेय. कुठल्या दिवशी काय, हे मुलांना माहीत नव्हतं. छातीला होल्टर लावून हृदयाच्या ठोक्यांची सलग नोंद घेतली. होल्टर म्हणजे खिशात मावणारं यंत्र, दिवसभर ईसीजी टिपत राहतं.

यात तीन गोष्टी दिसल्या. पहिली, रक्तदाब वाढला. दुसरी, हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून येणारे अवेळी ठोके वाढले. हृदयाला ताल देणारी पेशींची एक छोटी गाठ उजव्या वरच्या कप्प्यात असते. ठोका तिथून सुटायला हवा. कधी कधी शेजारच्या पेशी आपल्या मनाने आधीच ठोका सोडतात. माणसाला ते 'काळजाचा ठोका चुकला' असं जाणवतं, कारण त्या अवेळी ठोक्यानंतर किंचित मोठी विश्रांती येते आणि मग जोरात ठोका पडतो. असे थोडे ठोके निरोगी माणसालाही पडतात आणि त्यांनी लगेच अपाय होत नाही. तिसरी गोष्ट अनपेक्षित होती. मुलांच्या हृदयाचा सरासरी वेग वाढण्याऐवजी थोडा कमी झाला. रक्तदाब वर गेला की शरीर तो खाली आणायला हृदयाचा वेग आवरतं, असा याचा अर्थ लावता येतो. म्हणूनच 'नाडी नॉर्मल आहे, मग काही झालेलं नाही' हा पालकांचा दिलासा खरा नाही. नाडी मोजून यातलं काही कळत नाही.

ईसीजीवरचे कालावधी मात्र या मुलांत बदलले नाहीत, हेही सांगायला हवं. मर्यादेच्या आत, एकदाच, निरोगी मुलाने घेतलं तर हृदयाची विद्युत घडी विस्कटत नाही, असं यावरून म्हणता येतं. पण मर्यादा ओलांडली तर?

तिथे क्यूटी नावाची गोष्ट येते. ईसीजीच्या कागदावर प्रत्येक ठोक्याचं एक चित्र असतं. आधी बारीक टेकडी, मग उंच सुळका, त्यानंतर एक रुंद टेकडी. सुळका म्हणजे खालच्या कप्प्यांतून वीज सरकली आणि ते आकसले. नंतरची रुंद टेकडी म्हणजे त्या पेशी पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार झाल्या. सुळक्याच्या सुरुवातीपासून त्या टेकडीच्या शेवटापर्यंतचा वेळ म्हणजे क्यूटी. नाडीचा वेग हिशेबात घेऊन तो दुरुस्त करतात. तो साधारण ४४० ते ४६० मिलिसेकंदांच्या आत असावा. पेशी तयार व्हायला उशीर लागू लागला, म्हणजे क्यूटी लांबला, की पुढची वीज अर्धवट तयार पेशींवर येऊन पडण्याचा धोका निर्माण होतो. तसं झालं तर खालचे कप्पे आकसण्याऐवजी थरथरत राहतात. रक्त पुढे जात नाही. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. ५०० मिलिसेकंदांच्या वर हा धोका ठळकपणे वाढतो.

कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१९ साली ३४ निरोगी प्रौढांना सुमारे ९५० मिलिलिटर, म्हणजे ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅफिन असलेलं एनर्जी ड्रिंक तासाभरात प्यायला दिलं. चार तासांनंतरही त्यांचा क्यूटी साध्या पेयाच्या तुलनेत ६ ते ८ मिलिसेकंदांनी लांबलेला होता. सहा मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण नवं औषध बाजारात आणताना ते सरासरी ५ मिलिसेकंदांच्या आसपास क्यूटी लांबवतं असं दिसलं, तरी औषध नियामक संस्था त्याची जास्त कसून तपासणी करायला लावतात. औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं. बाटली चिठ्ठीशिवाय.

याच गटातल्या संशोधकांनी २०१७ साली आणखी एक नेमका प्रश्न विचारला होता. हे कॅफिनमुळे होतंय, की बाकीच्या मसाल्यामुळे? १८ तरुणांना एकदा एनर्जी ड्रिंक आणि एकदा तेवढंच, ३२० मिलिग्रॅम कॅफिन असलेलं नुसतं पेय दिलं. दोन तासांनी एनर्जी ड्रिंक घेतलेल्यांचा क्यूटी नुसतं कॅफिन घेतलेल्यांपेक्षा सुमारे १० मिलिसेकंदांनी जास्त होता. सहा तासांनंतर नुसत्या कॅफिनचा रक्तदाब खाली आलेला होता, एनर्जी ड्रिंकचा अजून थोडा वरच होता. टॉरिन एकट्याने घेतलं तर या प्रमाणात ते घातक ठरत नाही, असं आजवरच्या तपासण्या सांगतात. म्हणजे संशय टॉरिनवर एकट्यावर नाही, तर मिश्रणावर आहे. कॅफिनही मोठ्या मात्रेत हृदयाच्या पेशींतल्या कॅल्शियमच्या साठ्यावर काम करतं आणि टॉरिनही. माझ्या मते यातून निघणारा व्यवहारी निष्कर्ष सरळ आहे. 'दोन कप कॉफीइतकंच आहे' हे वाक्य विक्रीसाठी ठीक आहे, सुरक्षिततेचा पुरावा म्हणून ते चालणार नाही.

आता परत आपल्या मुलाकडे. मध्यरात्र उलटली. त्याचं हृदय बहुधा ठणठणीत आहे. बहुतेक मुलांचं असतं. त्याचं खरं नुकसान आता सुरू होतं आणि ते छातीत नाही, अंथरुणात होतं.

शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला निरोगी माणसात सरासरी पाच तास लागतात. कोणाला तीन, कोणाला सात-आठ. हे यकृतातल्या एका विकरावर आणि आनुवंशिकतेवर अवलंबून असतं. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं चालू असतील तर हा वेळ आणखी लांबतो. पाच तास धरून हिशेब करू. रात्री एकला पहिल्या बाटलीतलं ३७ मिलिग्रॅम उरलेलं आहे, दुसरीतलं ५७. एकूण ९४. म्हणजे तो पुस्तक मिटून दिवा घालवतो तेव्हा आठ वाजता घेतलं त्यापेक्षा जास्त कॅफिन त्याच्या शरीरात आहे. पहाटे सहाला गजर वाजतो तेव्हा पहिल्या बाटलीतलं १९ आणि दुसरीतलं २८, मिळून ४७ मिलिग्रॅम शिल्लक असतं. एक कप चहाइतकं. जणू रात्रभर त्याच्या उशाशी बसून कोणी तरी त्याला चहा पाजत होतं.

'मला कॅफिन लागत नाही, बाटली पिऊनही मी ढाराढूर झोपतो', असं बरीच मुलं सांगतात आणि खोटं बोलत नाहीत. पण झोप लागणं आणि झोप होणं वेगळं. अमेरिकेत २०१३ साली एक अभ्यास झाला. त्यात ४०० मिलिग्रॅम कॅफिन झोपण्याच्या सहा तास आधी दिलं, तरी यंत्राने मोजलेली झोप एका तासाहून जास्त कमी झाली. झोपणाऱ्यांना स्वतःला मात्र तेवढा फरक जाणवलेला नव्हता. मात्रा मोठी होती आणि माणसं प्रौढ होती, हे खरं. पण ४५ किलोच्या मुलाने सहा नव्हे, दोन तास आधी घेतलेली बाटली काय करेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

कॅफिन सर्वांत आधी खातं ती गाढ झोप. रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या भागात ती जास्त येते आणि नेमकं तेव्हाच कॅफिन सर्वांत वर असतं. दिवसभर वाचलेलं पक्कं बसण्याचं काम बऱ्याच अंशी याच झोपेत होतं. म्हणजे मुलाने अकरा ते एक या दोन तासांत जीवशास्त्राची जी पानं वाचली, ती डोक्यात पक्की बसवणारी यंत्रणाच त्याने ती पानं वाचण्यासाठी बंद केली. वाढीचं संप्रेरकही गाढ झोपेच्या सुरुवातीलाच सर्वांत जास्त सुटतं. पंधराव्या वर्षी ही झोप चैनीची नसते.

या वयाला आणखी एक अडचण असते, आणि त्यात मुलांचा दोष नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची चाहूल देणारं मेलॅटोनिन लहान मुलांत सुटतं त्यापेक्षा उशिरा सुटू लागतं. म्हणून दहाला झोप म्हटलं तर किशोरवयीन मुलाला झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. त्याला आळशी म्हणणं अन्याय आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात दिसलं, की झोपेच्या तीन तास आधी घेतलेली दुप्पट कडक कॉफीएवढी मात्रा हे घड्याळ आणखी सुमारे ४० मिनिटं पुढे ढकलते. आधीच उशिरा चालणाऱ्या घड्याळाला आणखी उशीर. झोपतज्ज्ञांच्या मते १३ ते १८ वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं ते स्वागतार्ह आहे. पण ज्यांचं घड्याळ खरोखर पुढे गेलंय ती नववी ते बारावीची मुलं अजूनही सातच्या क्लासला धावतात.

मग सकाळ. मुलगा उठतो, डोकं जड. कॅफिन पूर्ण गेलेलं नाही आणि झोप पूर्ण झालेली नाही. दोन-तीन आठवडे असं चाललं की मेंदू ॲडेनोसिनच्या जागा वाढवून बंदोबस्त करतो. आता तेवढ्याच बाटलीने तेवढीच तरतरी येत नाही. एखाद्या दिवशी ती मिळाली नाही तर बारा ते चोवीस तासांत डोकं दुखू लागतं, चिडचिड होते, वाचलेलं कळत नाही. घरचे म्हणतात, अभ्यासाचा ताण आलाय. तो टपरीवर जातो, बाटली पितो आणि अर्ध्या तासात डोकं दुखायचं थांबतं. त्याला वाटतं औषध सापडलं. खरं तर त्याने कालच्या बाटलीने लावलेलं दुखणं आजच्या बाटलीने थांबवलेलं असतं. घरी ओळखायची खूण हीच. सुट्टीच्या दिवशी, दुपारपर्यंत डोकं दुखायला लागतं का, आणि ते बाटलीनेच थांबतं का? तसं असेल तर एकदम बंद करू नये. दर तीन-चार दिवसांनी मात्रा निम्मी करत आणावी आणि सर्वांत आधी संध्याकाळची बाटली थांबवावी. डोकेदुखी राहिलीच तर ती साधारण आठवड्याभरात जाते.

आता जे थोड्या मुलांच्या बाबतीत घडतं पण भरून येत नाही, त्याविषयी.

एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात सोळा वर्षांचा एक मुलगा वर्गात कोसळला आणि गेला. आदल्या दोनेक तासांत त्याने एक लाटे कॉफी, कॅफिन असलेलं एक मोठं शीतपेय आणि एक एनर्जी ड्रिंक घेतलं होतं. शवविच्छेदनात हृदयाचा कुठलाही आजार सापडला नाही. तिथल्या कॉरोनरने कारण दिलं ते कॅफिनमुळे हृदयाचा ताल बिघडल्याचं. मारक म्हणून जी मात्रा पुस्तकात दिलेली असते, तिच्या जवळपासही हे प्रमाण नव्हतं. तीनही पेयं एरवी कोणीही घेतो अशीच होती. एकामागोमाग एक, थोड्या वेळात घेतली गेली, एवढंच.

शवविच्छेदनात काही सापडलं नाही याचा अर्थ हृदय निर्दोष होतं असाच होत नाही. काही दोष हृदयाच्या आकारात नसतात, ते विजेत असतात आणि मृत्यूनंतर वीज उरत नाही. जन्मतःच लांब क्यूटी असलेली मुलं असतात. दुसऱ्या एका आजारात पेशींतला कॅल्शियमचा साठा धरून ठेवणारं दार थोडं सैल असतं. धावताना, पोहताना, भीतीने किंवा खूप चिडल्यावर ॲड्रेनॅलिन वाढलं की ते दार गळू लागतं आणि अवेळी ठोक्यांची माळ सुरू होते. कॅफिन मोठ्या मात्रेत याच दारावर काम करतं. असा दोष असलेल्या मुलाचा नेहमीचा ईसीजी पूर्णपणे नॉर्मल येऊ शकतो. तो खेळतो, हसतो, वर्गात पहिला येतो. त्याच्याकडे बघून काही कळत नाही.

मेयो क्लिनिकने २०२४ साली अचानक हृदय बंद पडूनही वाचलेल्या १४४ रुग्णांचे इतिहास तपासले. त्यातल्या सातजणांनी त्या घटनेच्या आसपास एनर्जी ड्रिंक घेतलं होतं. सात ही संख्या लहान आहे आणि त्या सातांतही झोप अपुरी असणं, उपास, पाणी कमी पडणं अशी दुसरी कारणं मिसळलेली होती, हे संशोधकांनी स्वतःच मांडलं आहे. पेयानेच हृदय बंद पडलं असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण ही सगळी सोबतची कारणं परीक्षेच्या महिन्यातल्या विद्यार्थ्याला अगदी ओळखीची आहेत. रात्रभर जागरण, सकाळी न खाता बाहेर पडणं, पाणी पिण्याचा विसर, आणि वर दोन बाटल्या. त्यात ताप आला म्हणून कोणी ॲझिथ्रोमायसिन चालू केलेलं असेल, तर तेही क्यूटी लांबवणारं औषध आहे.

म्हणून अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ सालीच स्पष्ट म्हटलं, की मुलं आणि किशोरवयीनांच्या आहारात एनर्जी ड्रिंकला जागा नाही. लिथुआनियाने २०१४ पासून अठरा वर्षांखालच्यांना विक्री बंद केली, पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून. महाराष्ट्रात जुलै २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत शाळांच्या ५०० मीटर परिसरात अशा पेयांच्या विक्रीवर बंदी आणण्याची घोषणा केली. घोषणेचा हेतू योग्य आहे. पण क्लासेस शाळेपासून ५०० मीटरच्या आत असतातच असं नाही, आणि घरपोच सामान आणून देणाऱ्या ॲपला मीटर लागत नाहीत. मला वय तपासून विक्री हाच उपाय पटतो, कारण बाटलीवरची सूचनाही अंतराविषयी नाही, वयाविषयी आहे.

आई-वडिलांना एकच गोष्ट सांगायची आहे. घरातला मुलगा किंवा मुलगी कधी धावताना, पोहताना, मैदानावर किंवा मोठ्या आवाजाने दचकून बेशुद्ध पडली असेल, तर ती उन्हामुळे किंवा उपाशीपोटी पडली असं मानून सोडून देऊ नका. असे झटके पुष्कळदा फिट म्हणून नोंदले जातात आणि वर्षानुवर्षं चुकीची औषधं चालतात. घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक, कारण न कळता गेलं असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. ईसीजी काढून घ्या. शंका असेल तर हृदयरोगतज्ज्ञाकडून ट्रेडमिल चाचणी आणि होल्टर करून घ्या, कारण शांत पडून काढलेल्या ईसीजीत कॅल्शियमचा तो दोष दिसत नाही. ही तपासणी होऊन निर्वाळा मिळेपर्यंत त्या मुलाने एकही बाटली घेऊ नये. आणि बाटली प्यायल्यावर छातीत फडफड होऊन चक्कर आली किंवा शुद्ध हरपली, तर लिंबूपाणी देत बसू नका, १०८ ला फोन करा आणि पोरगं काय काय प्यायलं, किती वाजता प्यायलं, ते आलेल्या डॉक्टरांना सांगा. रिकामी बाटली सोबत न्या.